वर, युक्त, पासून : घरांच्या जाहिरातींतील तीन शब्द

२००९ साली मी एक ओळ लिहिली. कल्याणच्या पलीकडे, रेल्वे स्टेशनच्या पूर्वेला उभ्या राहणाऱ्या एका गृहप्रकल्पाची ती जाहिरात होती. ओळ अशी : 'स्टेशनपासून अवघ्या सात मिनिटांवर, तुमचं हक्काचं घर.' सात हा आकडा मला बिल्डरच्या विक्री व्यवस्थापकाने दिला होता. तो खोटे बोलत नव्हता. एका रविवारी सकाळी साडेसहाला मोटारसायकलवरून निघून त्याने घड्याळ लावले होते. मला तेव्हा 'अवघ्या' आणि 'सात' यांच्यातला नाद आवडला, आणि ओळ छापून आली.

माझ्या मावशीने त्याच प्रकल्पात घर घेतले. शाळेतून निवृत्त झाल्यावर मिळालेले सगळे पैसे तिने त्यात घातले. ओळ मी लिहिलेली आहे हे तिला ठाऊक होते आणि हेच तिच्या भरवशाचे एक कारण होते. गेटपासून स्टेशनच्या पुलापर्यंतचा रस्ता २.३ किलोमीटरचा निघाला. रिक्षा मिळाली नाही तर गुडघे धरून चालणाऱ्या मावशीला चाळीस मिनिटे लागत. तिने कधी तक्रार केली नाही. एकदा मात्र पुलाच्या पायरीवर टेकून तिने मला विचारले, "सात मिनिटं कुणाची रे?"

त्या प्रश्नाचे उत्तर शोधत मी गेली काही वर्षे घरांच्या जाहिराती वाचतो आहे. त्या लिहिण्यात माझे आयुष्य गेले, पण वाचायला मी उशिराच शिकलो. घरात कात्रणांच्या तीन पिशव्या जमल्या आहेत. अलीकडे त्यांत फोनवर येणाऱ्या चित्रांखालच्या चार-चार ओळींची भर पडली आहे. ज्या वाङ्मयप्रकाराकडे समीक्षक फिरकत नाहीत, पण जो वाचून माणसे वीस वर्षांचे कर्ज काढतात, त्याची ही समीक्षा आहे.

विशेषणांवरचा चुकीचा संशय

घरांच्या जाहिरातींची चेष्टा करायची म्हटली की आपण विशेषणांना धरतो. 'निसर्गाच्या कुशीत', 'स्वप्नवत', 'राजेशाही'. माझाही सुरुवातीला तोच रोख होता. कात्रणे वाचत गेलो तसे मत बदलले. अतिशयोक्ती हा आपल्याकडे मान्यताप्राप्त अलंकार आहे, आणि तो चालतो कारण सांगणारा आणि ऐकणारा दोघांनाही ती अतिशयोक्ती आहे हे माहीत असते. 'निसर्गाच्या कुशीत' वाचून कुणी धनादेश फाडत नाही. फार तर समोर एखादी टेकडी असेल असे तो समजतो.

धोका संख्येत असतो. सात मिनिटे, चाळीस सुविधा, एकोणसाठ लाख. संख्या आली की वाचक अलंकार ऐकायचे थांबवतो आणि माहिती घ्यायला लागतो. फुगवटा इथेच असतो, पण वस्तुस्थितीचा सदरा घालून. म्हणून मी विशेषणे बाजूला ठेवली आणि संख्येला कोणते शब्द चिकटतात ते पाहू लागलो. तीनच शब्द पुन:पुन्हा सापडले : दहा मिनिटां'वर', सर्व सुविधांनी 'युक्त', एकोणसाठ लाखां'पासून'. पहिला ठिकाण सांगतो, दुसरा सोयी आणि तिसरा किंमत. तिघांनाही स्वतंत्र उभे राहता येत नाही, ते दुसऱ्या शब्दाच्या आधाराने जगतात. आणि तिघेही वाक्यातल्या क्रियापदाला हाकलून देतात.

ही शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. 'मेट्रो पाच मिनिटांवर' या ओळीत क्रियापद नाही. क्रियापद नाही म्हणून काळ नाही. मेट्रो आहे, होणार आहे की होईल अशी आशा आहे, हे ओळ सांगत नाही आणि व्याकरणदृष्ट्या तिला सांगावेही लागत नाही. हिंजवडी ते शिवाजीनगर या मेट्रोमार्गाची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली. त्यानंतर कितीतरी वर्षे त्या मार्गावर एकही प्रवासी बसला नव्हता, पण मार्गालगतच्या घरांच्या ओळींत मेट्रो पाच मिनिटांवर येऊन उभी होती. नवी मुंबई विमानतळाचे भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ मध्ये आणि उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. उलवे-पनवेलच्या जाहिरातींत ते विमानतळ या दोन्ही तारखांच्या आधीपासून शेजारी होते. यातली एकही ओळ खोटी ठरवणे सोपे नाही, कारण तिने काही विधानच केलेले नाही. ओळीत 'आहे' किंवा 'होणार आहे' घालून पाहा, ती लगेच तपासता येते.

'वर' : कुणाची मिनिटे?

ठिकाण सांगताना दोन प्रकारची लबाडी होते. पहिली नावाची. लोअर परळला 'अपर वरळी' म्हणणे हे तिचे प्रसिद्ध उदाहरण : एकाच झटक्यात 'लोअर' जाते, 'अपर' येते आणि शेजारच्या महागड्या वस्तीचे नाव चिकटते. गावाच्या नावाआधी 'न्यू' लावणे, दोन वस्त्यांच्या मध्ये आडवी रेघ देऊन तिसरीच जागा तयार करणे, हे त्याचेच लहान भाऊ. हे ओळखायला सोपे आहे. पोस्टाचा पिनकोड आणि गावाचे महसुली नाव विचारले की उलगडा होतो. खरेदीखतात शेवटी तेच नाव आणि सर्व्हे नंबर येतो, जाहिरातीतले नाव येत नाही.

दुसरी लबाडी वेळेची, आणि ती जास्त खोल आहे. 'दहा मिनिटांवर' या शब्दांत चार गोष्टी गाळलेल्या असतात : कुठून, कुठपर्यंत, कशाने आणि केव्हा. 'कुठून' म्हणजे प्रकल्पाच्या फाटकापासून की मागच्या इमारतीच्या जिन्यापासून? वीस एकरांच्या प्रकल्पात हाच फरक सहा-सात मिनिटांचा पडतो. 'कुठपर्यंत' म्हणजे स्टेशनच्या हद्दीपर्यंत की ज्या दारातून आत जाता येते त्या दारापर्यंत? माझ्या २००९ च्या ओळीत हद्द पूर्वेला होती आणि पूल त्याच्याही पुढे होता. 'कशाने' आणि 'केव्हा' यांची उत्तरे मोटारसायकल आणि रविवारची पहाट अशी होती. म्हणजे मावशीच्या प्रश्नाचे खरे उत्तर हे की ती सात मिनिटे विक्री व्यवस्थापकाची होती.

यावर उपाय नाही असे नाही. जपानमध्ये घरांच्या जाहिरातींसाठी व्यवसायाने स्वतःवर घालून घेतलेला एक नियम आहे. चालण्याचे एक मिनिट म्हणजे रस्त्याने मोजलेले ८० मीटर, आणि अपूर्णांक आला तर तो वरच्या मिनिटात धरायचा. २०२२ मध्ये त्यात सुधारणा झाली. अंतर इमारतीच्या प्रवेशदारापासून मोजायचे आणि मोठ्या वसाहतीत सर्वांत जवळच्या घराबरोबर सर्वांत लांबच्या घराचेही मिनिट सांगायचे. नियमाला मर्यादा आहेत. सिग्नलवर थांबणे, चढ, जिने त्यात धरलेले नसतात. तरीही त्यामुळे 'मिनिट' हा शब्द एक माप बनतो आणि दोन जाहिराती एकमेकींशेजारी ठेवता येतात. मी तो नियम माझ्या ओळीला लावला. २३०० भागिले ८० म्हणजे २८.७५, वर नेऊन २९. 'स्टेशनपासून एकोणतीस मिनिटांवर' अशी ओळ मी लिहिली असती, तर मावशीने निदान गुडघ्यांचा विचार केला असता.

आपल्याकडे असे माप नाही, म्हणून प्रामाणिक ओळीने मिनिटांऐवजी मीटर सांगावेत असे मला वाटते. मिनिटे सांगायचीच असतील तर वाहन आणि वेळ सोबत हवी. माझ्या पिशवीत अशा ओळी आहेत, आणि त्या वाचताना मला एक प्रकारचा वाङ्मयीन आनंद होतो. एका छोट्या बिल्डरने लिहिले होते की त्याच्या इमारतीपासून बसथांबा ३५० मीटरवर आहे, रस्ता सपाट आहे आणि बस अर्ध्या तासाने येते. शेवटचा तपशील विक्रीच्या दृष्टीने अनावश्यक, किंबहुना हानिकारक. पण त्या एका तपशिलामुळे आधीचे दोन विश्वसनीय होतात. कथेतही असेच घडते. निवेदक स्वतःच्या गैरसोयीचे काही सांगतो तेव्हा आपण त्याचे बाकीचे ऐकायला लागतो.

'युक्त' : कोणत्या इमारतीच्या सुविधा?

'सर्व आधुनिक सुविधांनी युक्त' हा जुना प्रयोग. आता त्याची जागा 'चाळीसहून अधिक सुविधा' या प्रयोगाने घेतली आहे. चाळीस कशा भरतात ते यादी मोजल्याशिवाय कळत नाही. बाकड्याला 'ज्येष्ठांचा कट्टा' म्हटले की एक, त्याच बाकड्यांभोवती झुडपे लावली की 'सुगंधी उद्यान' म्हणून दुसरी, आणि दोन्हींना जोडणारी फरशी 'चालण्याचा मार्ग' म्हणून तिसरी. यात नुकसान कमी आहे, हसून सोडता येते.

नुकसान होते ते दोन ठिकाणी. पहिले टप्प्यांचे. स्थावर संपदा कायदा २०१६ चा. तो पूर्णपणे लागू झाला १ मे २०१७ पासून. त्यानुसार मोठ्या प्रकल्पाचा प्रत्येक टप्पा हा नोंदणीसाठी स्वतंत्र प्रकल्प धरला जातो. जाहिरातीवर महारेराचा जो क्रमांक असतो तो बहुधा एका टप्प्याचा असतो. चित्रातला पोहण्याचा तलाव आणि क्लबहाउस मात्र पुष्कळदा पुढच्या टप्प्यात असतात, ज्याचा क्रमांक वेगळा, पूर्ण होण्याची तारीख वेगळी. पहिल्या इमारतीत राहायला आलेले कुटुंब मग तीन-चार वर्षे तलावाऐवजी पत्र्याचे कुंपण पाहते. 'युक्त' या शब्दाने घर आणि तलाव एकाच क्षणात बांधून दिलेले असतात. बांधकामात ते तसे नसतात.

दुसरे नुकसान 'अ‍ॅमेनिटी' याच शब्दात आहे. नगररचनेच्या भाषेत 'अ‍ॅमेनिटी स्पेस' म्हणजे मोठा भूखंड विकसित करताना सार्वजनिक सोयीसाठी सोडायची आणि नियोजन प्राधिकरणाकडे सोपवायची जागा. तिथे पालिका दवाखाना, शाळा, भाजी मंडई, काहीही करू शकते. जाहिरातीच्या भाषेत अ‍ॅमेनिटी म्हणजे रहिवाशांची खासगी सोय. एकच शब्द, अर्थ जवळजवळ उलट. चित्रात गच्चीवरून दिसणारा हिरवा पट्टा अनेकदा या पहिल्या अर्थाची जागा असतो, नाहीतर विकास आराखड्यातले आरक्षण. त्यावर झाडे चित्रकाराने लावलेली असतात. ओळीत 'समोर उद्यान' लिहिलेले असेल तर एकच प्रश्न विचारावा : हे उद्यान कुणाच्या मालकीचे?

हे तपासायचे साधन आता प्रत्येकाच्या खिशात आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने जाहिरातीत क्यूआर कोड बंधनकारक केला. नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता ठळकपणे छापणे तर कायद्याच्या ११ व्या कलमानेच आवश्यक आहे. कोड फोनने टिपला की त्या टप्प्याचे पान उघडते. मंजूर नकाशे, बिल्डरने जाहीर केलेली पूर्णत्वाची तारीख, सामाईक सुविधांची यादी, काम कुठवर आले ते, जमिनीवरचा बोजा आणि चालू दावे तिथे असतात. मी एक साधी पद्धत ठेवली आहे. जाहिरातीतली नामे एका कागदावर उतरवायची, पानावरच्या यादीतली दुसऱ्या कागदावर, आणि जी नामे पहिल्या कागदावर आहेत पण दुसऱ्यावर नाहीत त्यांच्याखाली रेघ मारायची. रेघ मारलेली नामे म्हणजे काव्य.

'पासून' : कुठपर्यंत?

'पासून' हा शब्द मराठीत 'पर्यंत'ची वाट पाहतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, पुण्यापासून मुंबईपर्यंत. जाहिरातीत 'एकोणसाठ लाखांपासून' म्हणून वाक्य संपते आणि 'पर्यंत' कधीच येत नाही. त्याच्या जागी एक चांदणी येते.

गेल्या वर्षी माझ्या हाताखाली पूर्वी काम केलेल्या एका मुलीने मला तिचा मजकूर तपासायला पाठवला. पुण्याच्या पश्चिमेला, महामार्गापलीकडचा प्रकल्प. ओळ अशी होती : 'आयटी पार्कपासून अवघ्या १० मिनिटांवर, ४०+ सुविधांनी युक्त, ६८० चौ. फुटांचे प्रशस्त २ बीएचके ५९ लाखांपासून*.' माझे तिन्ही शब्द एकाच ओळीत. तिच्याकडून दरपत्रक मागवून मी आकडे मांडले.

आधी ६८० चौरस फूट. कायद्यातली चटई क्षेत्राची व्याख्या स्पष्ट आहे : घराच्या आतले वापरता येणारे क्षेत्र, त्यात आतल्या भिंती धरायच्या. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची धरायची नाही. नकाशावर चटई क्षेत्र ५६० होते. त्यात ९० ची बाल्कनी आणि ३० ची ड्राय बाल्कनी मिळवून ६८० केले होते. धंद्यात याला 'युजेबल कार्पेट' म्हणतात. कायद्यात हा शब्द नाही, पण कायद्यातल्या शब्दासारखा ऐकू येतो, आणि त्याचे कामच ते आहे.

मग ५९ लाख. ती त्या इमारतीतल्या सर्वांत खालच्या मजल्यावरच्या घराची, पार्किंग न धरता, मूळ किंमत होती. मजल्याप्रमाणे वाढणारा दर आणि बंदिस्त पार्किंग धरून तिसऱ्या मजल्यावरच्या घराची करारातली किंमत ६३,५०,००० झाली. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ३,१७,५००. पुण्याच्या हद्दीत मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्थेचा आणि मेट्रोचा अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे ४,४४,५००. नोंदणी ३०,०००. दोन वर्षांची आगाऊ देखभाल आणि सोसायटी स्थापनेचा खर्च मिळून एक लाख. एकूण ७२,४२,०००. ओळीतल्या आकड्यापेक्षा १३,४२,००० जास्त, म्हणजे जवळजवळ पावपट.

या फरकातला निम्म्याहून अधिक भाग सरकारकडे जातो, त्यात बिल्डरचा काय दोष, असे कुणी विचारेल. कर घेणे हा दोष नाहीच. दोष इतकाच की हे आकडे बिल्डरला त्या दिवशी पैशापर्यंत ठाऊक असतात आणि वाचकाला नसतात. त्यातला एकही 'नंतर ठरेल' या जातीचा नाही. नुसता बदलू शकणारा भाग म्हणजे, घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतले तर मुद्रांक एका टक्क्याने कमी होते. हे सांगायला अर्धी ओळ पुरते.

दराचेही तसेच. ६३.५० लाखांना ६८० ने भागले तर चौरस फुटाला ९,३३८ येतात आणि ५६० ने भागले तर ११,३३९. दोन प्रकल्पांची तुलना करताना माणूस हाच दर डोक्यात ठेवतो. एका जाहिरातीने चटई क्षेत्राने भागले आणि दुसरीने 'युजेबल'ने, तर स्वस्त दिसणारे घर महाग असू शकते.

आणखी एक आकडा कात्रणांत फार भेटतो : ४४.९९ लाख. तो मानसशास्त्राचा खेळ वाटतो, पण त्यामागे करकायदा आहे. २०१९ च्या नियमानुसार ४५ लाखांपर्यंतच्या, ठरावीक क्षेत्राच्या आतल्या घरावर जीएसटी ५ ऐवजी १ टक्का लागतो. मात्र या ४५ लाखांत पार्किंग, विकास शुल्क वगैरे बिल्डर जे जे घेतो तेही मोजले जाते. म्हणजे ४४.९९ वर पार्किंगचा रुपया पडला की मर्यादा ओलांडली जाते आणि संपूर्ण रकमेवरचा कर पाचपट होतो. असा आकडा दिसला की पार्किंग आत आहे की बाहेर, एवढेच विचारावे.

चांदणीची भाषा

आता त्या चांदणीबद्दल. मराठी जाहिरातीतली चांदणी वाचकाला तळाशी नेते, आणि तळाशी मुंगीच्या पायांसारखी इंग्रजी असते. चित्र कलाकाराच्या कल्पनेतले आहे, किमतीत कर धरलेले नाहीत, सुविधा टप्प्याटप्प्याने दिल्या जातील. म्हणजे आश्वासन मराठीत आणि माघार इंग्रजीत. मोह पाडायला मातृभाषा आणि जबाबदारी झटकायला परभाषा, ही वाटणी मी स्वतः वीस वर्षे केली आणि ती मला कधी खटकली नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये फसव्या जाहिरातींबाबत जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत याबद्दल नेमके सांगितले आहे. खुलासा हा दाव्याच्याच भाषेत असावा, त्याच टंकात असावा, आणि मुख्य दाव्याला छेद देणारा किंवा महत्त्वाची माहिती लपवणारा नसावा. घरांच्या बहुतेक मराठी जाहिराती या कसोटीवर पहिल्याच पायरीवर घसरतात. भाषेची काळजी वाहणाऱ्या आपल्या मंडळींनी पाट्यांइतकेच लक्ष या चांदणीकडे दिले असते तर बरे झाले असते.

कायद्याचा आधार वाचकालाही आहे. २०१६ च्या कायद्याचे १२ वे कलम सांगते की जाहिरातीतल्या किंवा नमुना घरातल्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि ती माहिती खोटी निघाल्यामुळे त्याचे नुकसान झाले, तर त्याला भरपाई मिळते. त्याला व्यवहारातून बाहेर पडायचे असेल तर सगळी रक्कम व्याजासह परत मिळते. पण त्यासाठी जाहिरात हाताशी लागते. माणसे पावत्या जपून ठेवतात आणि कात्रण रद्दीत देतात. आणि ज्या ओळीत क्रियापद नाही तिच्यावरून खोटेपणा सिद्ध करणे पुन्हा अवघड. म्हणून मी व्याकरणाचा इतका आग्रह धरतो आहे.

दुरुस्त केलेली ओळ

त्या मुलीचा मजकूर मी असा करून पाठवला :

'महामार्गाच्या सेवा रस्त्यापासून प्रकल्पाचे फाटक १.६ किमी आहे, त्यातल्या शेवटच्या ४०० मीटरचे काम सुरू आहे. आयटी पार्कचा पहिला टप्पा ६.८ किमी. मोटारीने सकाळी नऊला ३५ ते ४५ मिनिटे लागतात, दुपारी २०. इमारत ए : २ बीएचके, चटई क्षेत्र ५२.०३ चौ. मी. (५६० चौ. फूट), बाल्कनी वेगळी. लिफ्ट, जनरेटर आणि मुलांचे मैदान ताब्याबरोबर मिळेल, डिसेंबर २०२७. क्लबहाउस आणि तलाव तिसऱ्या टप्प्यात आहेत, डिसेंबर २०२९. तिसऱ्या मजल्यावरचे घर पार्किंगसह ६३.५० लाख. कर, मुद्रांक, नोंदणी आणि देखभाल धरून ७२.४२ लाख.' खाली महारेरा क्रमांक आणि कोड.

तिचा फोन आला. "सर, हे वाचून कुणी साइटवर येईल का?"

मी म्हणालो, "कमी येतील. पण जे येतील ते रस्ता बघून परत जाणार नाहीत."

"आणि सकाळचे पस्तीस-पंचेचाळीस? ते तरी काढू का?"

"तेच ठेव. बाकीचं हवं तर काढ."

बिल्डरने अर्धे ऐकले. मिनिटे गेली आणि किलोमीटर राहिले. ६८० जाऊन ५६० आले, कारण त्याच्या वकिलालाही तेच हवे होते. तलावाची तारीख राहिली. ७२.४२ लाख हा आकडा मात्र त्याने छापू दिला नाही. शेजारचे सगळे '५९ पासून' लिहीत असताना मी एकट्याने ७२ लिहिले तर माझा फोन वाजणार नाही, असे तो म्हणाला. तो चुकीचे बोलत नव्हता. एकट्याने खरे सांगणाऱ्याचे घर महाग दिसते, ही या प्रकाराची खरी मर्यादा आहे, आणि ती लेखकाच्या हाती नाही. जपानमधल्या ८० मीटरच्या नियमाचे मोल हेच की तो सगळ्यांना एकदम लागू होतो. चटई क्षेत्राची सक्ती आपल्याकडे तशीच सगळ्यांना एकदम लागू झाली आणि '९०० चौ. फूट सेलेबल' असले आकडे कराराच्या कागदावरून गेले. 'हाती पडेपर्यंतची एकूण किंमत' अशी एक ओळ प्रत्येक जाहिरातीत सक्तीची झाली, तर 'पासून'ला त्याचा 'पर्यंत' मिळेल.

दुसरी मर्यादाही नोंदवली पाहिजे. अचूक ओळही गप्प राहून फसवू शकते. उन्हाळ्यात टँकर किती येतात, वाऱ्याची दिशा बदलली की कचरा डेपोचा वास येतो का, हे मीटर आणि चौरस मीटर सांगत नाहीत. त्यासाठी शेजारच्या जुन्या इमारतीच्या पहारेकऱ्याशी दहा मिनिटे बोलावे लागते. जाहिरात, कितीही प्रामाणिक असली तरी, त्या बोलण्याची जागा घेणार नाही.

मावशी अजून त्याच घरात राहते. या लेखासाठी मोजमाप करायला मी गेलो होतो. फाटकापासून पुलापर्यंत टेप घेऊन चाललो. २३०० मीटर भरले. दारात तिने विचारले, "किती झालं?" मी सांगितले. ती म्हणाली, "हेच तेव्हा लिहिलं असतंस तरी मी घेतलं असतं बहुतेक, एवढ्या पैशांत दुसरं मिळत नव्हतं. फक्त तळमजल्याचं घेतलं असतं आणि उरलेल्या पैशांत रिक्षा लावली असती महिन्याची."